फोटोपुरते कागद

सिओक इमने आराखडा टेबलावर पसरला, तेव्हा आकोने आपला कॉफीचा कप उचलून बाजूला घेतला. कागद नीट सपाट झाला, तसा तिने तो कप पुन्हा त्याच जागी ठेवला. म्हणजे बरोबर सभागृहाच्या छपरावर.

"हे काय?"

"सभागृह. खोपट आहे तिथे, टेकडीच्या पायथ्याशी. ज्यांना चढवत नाही ते इथे बसतील. हा मोठा पडदा. वर टेकडीवर खांब, त्यांवर कॅमेरे. लंडनमध्ये बसलेल्या माणसाला ॲपवर आपल्या आईचं थडगं दिसेल. आणि सहा माणसं कायमची. गवत काढायला, अक्षरं रंगवायला, आणि..."

"आणि माझी जागा आणि माझे पैसे."

"हो, आको."

आको म्हणजे सिओक इमच्या बाबांची थोरली बहीण, तेओ गैक होंग. पेनांग बेटावरच्या जॉर्जटाउनमध्ये तिची तीन दुकानं भाड्याने दिलेली होती आणि टेकडीखालची ती जागाही तिच्याच नावावर होती. त्या जागेवर पत्र्याचं एक खोपट होतं. एंग च्वान, सिओक इमचे बाबा, आयुष्यभर त्या खोपटातून टेकडीवर जात आले. लोकांच्या पूर्वजांची थडगी साफ करणं, दगडावरची अक्षरं पुन्हा रंगवणं, हे त्यांचं काम. खोपटात अजून त्यांचे ब्रश होते, एक बुटकं स्टूल, चहाची किटली, आणि उघड्या राहिलेल्या डब्यात वाळून गेलेला लाल रंग. तो डबा सिओक इमने फेकला नव्हता. क्वालालंपूरमधली शाळेतली नोकरी मात्र तिने सोडली होती.

इस्पितळात शेवटच्या महिन्यांत बाबा या सभागृहाबद्दलच बोलत. मुलं परदेशात गेली, म्हणायचे, वर पडलेल्यांशी बोलायला कोणी उरलं नाही. ते स्वतः बोलत. गवत काढता काढता प्रत्येकाला खबर देत. तुमच्या नातवाला मुलगी झाली. तुमच्या सुनेने गाडी घेतली. लहानपणी सिओक इमला वाटे, टेकडीवर सगळे बाबांचे मित्रच राहतात.

"छप्पर काढ," आको म्हणाली. "लोक पैसे देतील?"

"सगळंच लागतं, आको. एकेक काढत गेलं तर..."

"सगळंच लागतं म्हणणारे भाडेकरू मी पुष्कळ बघितलेत. आधी काचेची कपाटं घेतात, मग दिवे, मग पाटी. गिऱ्हाईक येतं की नाही ते शेवटी बघतात. छप्पर काढ. देतील?"

"...देतील."

"पडदा?"

"तोही नसला तरी चालेल. सुरुवातीला."

"कॅमेरे? ॲप? ती सहा माणसं?"

वाटेवरून फेरीवाल्याची घंटा वाजत गेली.

"कोणीतरी त्यांच्या माणसाशी बोललं पाहिजे," सिओक इम शेवटी म्हणाली. "त्यांच्या समोर, त्यांच्या बोलीत. बाबा बोलायचे तसं. ते काढलं तर काही उरत नाही."

"झालं की मग. त्याला एक तोंड लागतं आणि एक फोन. दोन्ही तुझ्याकडे आहे, माझ्याकडे कशाला आलीस?" आकोने कॉफी संपवली. कपाचं तपकिरी वर्तुळ छपरावर राहिलं. "आता नीट ऐक, पोरी. चेंग बेंग येतोय. पुढेमागे दहा दहा दिवस लोक थडग्यांवर जातात, तेवढे दिवस तुझे. तीस गिऱ्हाइकं आण. पैसे आधी घ्यायचे, पूर्ण घ्यायचे, आणि माझ्या फोनवर घ्यायचे. 'किती छान कल्पना' म्हणणाऱ्याला मोजायचं नाही. तुझ्या बाबांच्या अंत्ययात्रेत रडलेल्याला मोजायचं नाही. घरच्यांना तर मुळीच नाही. परका माणूस खिशात हात घालतो का, तेवढंच मला बघायचंय."

"आणि घातला तर?"

"ज्याला लोक पैसे देतील त्याला जागा लागत असेल, तर जागा तुझी. बांध तुझं सभागृह, मी गहाण टाकते एक दुकान. नाहीतर सण झाला की खोपट पाडते. गाड्या धुणारा आगाऊ भाडं हातात घेऊन उभा आहे."

शब्द सरळ होते. सिओक इमने ते घरी जाताना पुन्हा पुन्हा आठवले आणि तिला त्यात कुठे खाच दिसली नाही.

*

परदेशातल्या पेनांगवाल्यांच्या तीन-चार गटांवर तिने निरोप टाकला. थडगं साफ करीन, अक्षरं रंगवीन, नैवेद्य मांडीन, आणि व्हिडिओवर तुम्हाला घेऊन तुमच्या माणसाशी आपल्या हॉकियन या चिनी बोलीत बोलेन. किंमत लिहिली. कौतुक भरपूर आलं. हात जोडलेली चित्रं आली, रडणारी चित्रं आली. आकोच्या फोनवर मात्र पैसे नऊ जणांचेच आले.

"नऊ म्हणजे वाईट नाही," आको म्हणाली. "रडणारी चित्रं किती?"

"शंभरेक."

"बघ."

पहिलं गिऱ्हाईक बेहबाई होत्या, न्यूझीलंडमध्ये राहणाऱ्या, ऐंशीच्या पुढच्या. सिओक इमने पहाटेच वर जाऊन गवत काढलं, दगड घासला, अक्षरांत लाल रंग भरला. थडग्याच्या बाजूला भूमिदेवाचा छोटा दगड असतो, त्याला आधी उदबत्त्या लावल्या. मग लाल कासवाच्या आकाराचे गोड पाव, भाजलेलं डुकराचं मांस, उकडलेल्या तिसऱ्या, चहाचे तीन पेले मांडले. मग फोन उभा केला. बेहबाईंनी चांगली साडेतीन-चार वर्षांची उधारी फेडावी तसं आईशी बोलून घेतलं. कोण मेलं, कोण वेगळं झालं, आपल्या गुडघ्यात काय घातलंय. सिओक इम मधूनमधून आईच्या बाजूने हुंकार देत होती. शेवटी बाई म्हणाल्या, "पोरी, तू कोणाची?"

"एंग च्वानची."

"तरीच."

त्या दिवशी खोपटात बसून सिओक इमने बाबांच्या किटलीत चहा केला. तिला खात्री वाटली की जागा वाचली.

दुसरे खॉसाहेब, व्हँकूवरचे. त्यांनी फोन गाडीत समोर अडकवला होता. तिने त्यांच्या वडिलांना नातवाची खबर द्यायला सुरुवात केली, तसे ते म्हणाले, "हो हो, पुढे." सिग्नल सुटला, आणि फोनही सुटला. तिसऱ्या बाईंनी उचललाच नाही. चौथ्याने उचलून कुजबुजत सांगितलं, "मीटिंगमध्ये आहे. फोटो पाठवा ना. कागद नीट दिसू द्या."

कागद म्हणजे रंगीत कागदाच्या पट्ट्या. साफसफाई झाली की त्या थडग्यावर पसरून दगडांखाली दाबून ठेवतात. त्या दिसल्या की येणाऱ्याजाणाऱ्याला कळतं, या घरचं कोणीतरी येऊन गेलं. बाबांच्या लेखी ते सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात हलकं काम होतं. ते झालं की ते हात झटकत.

मग उई बंधू आले. थोरला लंडनचा, धाकटा सिडनीचा. दोघांनी एकाच आईच्या थडग्यासाठी वेगवेगळे पैसे भरले. सिओक इमला वाटलं, चुकून झालं असेल. तिने थोरल्याला फोन लावला.

"साहेब, तुमच्या भावानेही सांगितलंय. एकदाच करते, दोघांना एकत्र घेते फोनवर. एकाचे पैसे परत..."

"त्याने सांगितलं? कधी?"

"काल."

"मग माझं आधी करा. हिरवे कागद लावा. आणि फोटोत त्याचे नकोत."

धाकटा म्हणाला, "आईला पिवळा आवडायचा, थोरल्याला काय माहीत! त्याचे काढा, माझे लावा, मग काढा फोटो. घरच्या गटावर टाकायचाय."

"आईशी बोलायचं नाही का काही?"

"तुम्ही बोला ना. त्यातच आलं ना ते?"

तिने हिरवे लावले, फोटो काढला. हिरवे उचलले, पिवळे लावले, फोटो काढला. तीच फुलं, तोच चहा, निवत गेलेला. हे तिने आकोला तक्रार म्हणून सांगितलं. आकोने फोन खाली ठेवला आणि पहिल्यांदाच तिच्याकडे लक्ष देऊन बघितलं.

"पुन्हा सांग. दोघांनी पूर्ण पैसे दिले?"

"हो, पण..."

"आणि बोलणं दोघांनीही ऐकलं नाही."

"आको, सगळे असे नसतात. बेहबाई..."

"बेहबाईंनी पुढच्या सणाचे भरले?"

सिओक इमने विचारलं होतं. बाई म्हणाल्या होत्या, नको गं, मन भरलं, आता मीच जाईन तिच्याकडे.

"नाही," ती म्हणाली.

"म्हणजे जिला आवडलं तिला पुन्हा नकोय, आणि ज्यांना नकोय ते पुन्हा घेतील." आको हसली नाही. तिला खरोखर रस वाटू लागला होता. "तू दोन गोष्टी एकाच ताटात वाढतेस, पोरी. लोक कशाला पैसे देतात ते कसं कळणार? वेगळं कर. एकाच किमतीत दोन. एक, व्हिडिओवर बोलणं. दोन, कागद लावलेला फोटो, तासाभरात. किंमत तीच, म्हणजे स्वस्त म्हणून घेतलं असं कोणी म्हणायला नको. निवडू दे त्यांनाच."

"सारख्याच किमतीत फोटो कोण घेईल?"

"नाही घेतला तर तू जिंकलीस."

हे सिओक इमला पटलं. किंबहुना तिनेच तो नवा निरोप लिहिला, आणि बोलण्याबद्दल लिहिताना बाबांचे शब्द वापरले. तो आधी टाकलेल्या निरोपापेक्षा सुंदर झाला होता.

दोन दिवसांत आकोच्या फोनवर पंधरा जणांचे पैसे आले. सगळ्यांनी फोटो घेतला.

आकोने आवाज चढवला नाही. आरामखुर्चीत बसून ती पोमेलो सोलत होती. एक फोड तिने भाचीपुढे केली.

"खा. आणि तोंड असं करू नकोस. तुझा बाप बोलायचा ना वर जाऊन, त्याचे कोणी पैसे दिले नव्हते. पैसे गवताचे होते. तो बोलायचा कारण त्याच्याशी बोलायला कोणी टेकडी चढत नव्हतं. तूही नाही."

सिओक इमने फोड हातात धरून ठेवली. रस मनगटापर्यंत आला.

*

पुढचे दिवस तिने फोटोंचे काढले. आकोने आणखी एक गोष्ट सुचवली, तीही तपासून बघायला. "चौकटीत येतं तेवढंच साफ कर. बघू कोणी ओरडतं का." कोणी ओरडलं नाही. तेव्हापासून थडग्यांची पुढची बाजू चकचकीत आणि पाठीमागे लांब गवत कमरेपर्यंत. रंग फक्त मोठ्या अक्षरांत. नैवेद्य एकच, मांडायचा, टिपायचा, उचलायचा, पुढच्या थडग्यावर मांडायचा. भूमिदेव चौकटीबाहेर राहायचा. पहिल्या दिवशी तिने त्याला तरीही उदबत्ती लावली. मग उदबत्त्या संपल्या आणि आणायच्या राहिल्या.

ती स्वतःला समजावत होती. एकदा जागा हातात आली की सगळं पुन्हा बाबांसारखं. हे फक्त तपासणं आहे. सण संपत आला होता आणि गिऱ्हाइकं एकोणतीस झाली होती.

बाबांच्या थडग्यावर ती सणाआधीच जाऊन आली होती. नव्या थडग्याचं तसंच असतं. शिवाय त्यांच्या घरात तीन वर्षं रंगीत कागद लावत नाहीत. सुतकातल्या माणसाने लाल कपडे घालू नयेत, तसंच ते. तिने पांढरी फुलं ठेवली होती, आणि काही बोलायला गेली तर शब्द फुटला नव्हता. इतरांच्या आईबापांशी ती घडाघडा बोलत होती.

त्या दुपारी आकोने फोन तिच्यापुढे धरला. "तिसावं आलं."

पर्थहून होतं. काह बेंग. तिचा धाकटा भाऊ. निरोप सगळ्या गिऱ्हाइकांना जातो त्याच साच्यात त्याने भरून पाठवला होता: थडग्याची रांग, नाव, कागद लाल आणि गुलाबी, फोटो आजच.

तिने त्याला तिथेच फोन लावला.

"बेंग, हे काय आहे?"

"आची! मिळाले का पैसे? आकोला म्हटलं, घरचं म्हणून सूट नको, पूर्ण घे."

"बाबांवर तीन वर्षं रंगीत लावत नाहीत. तुला माहीत नाही?"

"अगं माहीत आहे. पण पांढऱ्या फुलांचा फोटो पाठवला होतास ना, तो इथे सासरच्यांना दाखवला. सासूबाई म्हणाल्या, कोणी जात नाही वाटतं तुमच्यात. लाज वाटली मला. तू लाव, फोटो काढ, काढून टाक. बाबा काय म्हणणारेत?"

"मग तू ये ना. तूच लाव."

"आची, तिकिटाचे भाव बघितलेस का? तेवढ्यासाठीच तर तुम्ही हा धंदा काढलात ना?"

मागे त्याची मुलं टीव्हीवरून भांडत होती.

"रागावलीस? हे बघ, तुला नको असेल तर दुसऱ्या कोणाला पाठव. कोणीही चालेल."

फोन ठेवून ती आकोकडे वळली. "तूच म्हणाली होतीस. घरच्यांना मोजायचं नाही."

"म्हणाले होते." आकोने चष्मा पुसला. "पण परक्यासारखा वागला, परक्यासारखे पैसे दिले. त्याला मोजू. उद्या संध्याकाळी सण संपतो, आणि दुसरं कोणी येईलसं दिसत नाही. नाहीतर त्याचे परत करते, एकोणतिसावर थांबू. तुझं तू ठरव, मी काही ढकलत नाही."

सिओक इमने कागदांचा गठ्ठा उचलला.

वर वारा होता. बाबांच्या दगडावर त्यांचं छोटं गोल छायाचित्र होतं, कॉलर नीट केलेलं. तिने लाल कागद पसरले, गुलाबी पसरले, दगड ठेवले. एक कोपरा उडत होता, त्यावर आणखी एक दगड ठेवला. चौकट बघितली. बाबांचं छायाचित्र एका कागदाने झाकलं जात होतं, तिने तो सरकवला. मग फोटो काढला. चांगला आला. इतके दिवस काढून काढून हात बसला होता.

काह बेंगने उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. मग एक लाल फुगा.

*

"झाले तीस," सिओक इम म्हणाली. तिच्या नखांत गुलाबी रंग शिरला होता. "आता जागा."

आकोने आराखडा काढला. तिने तो जपून ठेवला होता. आकोने तो उघडला, कपाच्या वर्तुळावरून बोट फिरवलं, आणि पुन्हा घडी घातली.

"धंदा चालतो. मी चुकले होते, मला वाटलं होतं दहासुद्धा येणार नाहीत. पुढच्या सणाला दोनशे होतील, दोन बायका ठेव हाताखाली. पण जागा कशाला?"

"तू शब्द दिला होतास."

"काय दिला होता? तूच सांग."

सिओक इमने तोंड उघडलं. शब्द तिला पाठ होते. ज्याला लोक पैसे देतील त्याला जागा लागत असेल, तर.

"या तीस जणांपैकी एकाने तरी विचारलं, बसायला जागा आहे का?" आको हळू बोलत होती, जवळजवळ मायेने. "एकाने पडदा मागितला? पोरी, माझं दुकान गहाण टाकून तू इथे रिकाम्या खुर्च्या मांडून बसली असतीस, आणि मी मेल्यावर त्याच्याच हप्त्यांत बुडाली असतीस. ते कळायलाच केलं ना आपण हे? सगळ्यात चांगलं उत्तर आलं. काही बांधावं लागत नाही."

"आधीच माहीत होतं तुला?"

"नाही. माहीत असतं तर तुला उन्हात कशाला पाठवलं असतं?" आणि थोडं थांबून, "त्याचे ब्रश हवे असतील तर घेऊन ये. गाड्या धुणारा सोमवारी येतोय."

सिओक इमने ब्रश आणले, स्टूल आणलं. किटलीचा तळ गेला होता. लाल रंगाचा वाळलेला डबा तिने उचलला आणि परत ठेवला.

सोमवारी ती वर गेली, बाबांवरचे कागद काढायला. सण संपला होता, टेकडी भडक पट्ट्यांनी भरलेली आणि माणसांशिवाय. खाली पत्रे उचकटण्याचा आवाज येत होता. एकेक पत्रा पडताना आधी किंचाळायचा, मग आपटायचा.

ती बाबांपुढे उकिडवी बसली. एकेक दगड बाजूला केला, लाल कागद काढला, गुलाबी काढला. पावसाचा थेंब पडला नव्हता, त्यामुळे ते अजून करकरीत होते. आता बोलावं, असं तिला वाटलं. खबर द्यायची होती. बाबा, खोपट गेलं. एवढंच तर होतं. तिने घसा साफ केला.

फोन वाजला. आकोचा निरोप होता. एक उशिराचं गिऱ्हाईक, सिंगापूरचं, वरच्या रांगेत, विसरलो होतो म्हणतोय, दुप्पट देतोय, लगेच हवंय. लाल आणि गुलाबी.

कागदांचा गठ्ठा केव्हाच संपला होता. बाजारात जाऊन येईपर्यंत ऊन वर आलं असतं, आणि मग कागद फोटोत पांढरट दिसतात.

सिओक इमने बाबांवरून काढलेल्या पट्ट्या मांडीवर ठेवून तळहाताने सपाट केल्या. मोजल्या नाहीत, पण पुरतील असं वाटलं. मग त्या काखेत धरून ती वरच्या रांगेकडे चढू लागली.